पैसे वाचवणारा फेरा

सर्वांत जवळचा रस्ता शोधणं, माणसांना कामं वाटून देणं आणि गोदामांतला माल गावोगाव पोचवणं ही पाठ्यपुस्तकांत तीन वेगळी प्रकरणं असतात. ‘किमान खर्चाचा प्रवाह’ या प्रारूपात ती एकच ठरतात. एक जाळं घ्यायचं. काही बिंदूंवर माल निघतो, काहींवर संपतो, उरलेल्यांवर जेवढा येतो तेवढाच पुढे जातो. प्रत्येक दुव्याला दर टनाचा खर्च आणि कमाल क्षमता असते. एका बिंदूवर एकच नग निघाला आणि दुसऱ्यावर उतरला, तर प्रश्न जवळच्या रस्त्याचा. प्रत्येक माणसाकडून एक नग निघून प्रत्येक कामाला एक मिळाला, तर कामवाटपाचा. यावर कुणी म्हणेल, ही नुसती मांडणीची हातचलाखी आहे. पण तिन्हींमध्ये उत्तर तपासायची कसोटीही एकच आहे, आणि मला खरं नातं तिथे दिसतं.

समजा, ‘अ’ गोदामात 30 टन माल आहे, ‘ब’मध्ये 20. ‘प’ आणि ‘फ’ या गावांना प्रत्येकी 25 टन हवेत. दर टनाचा खर्च असा: अ–प 3, अ–फ 4, ब–प 5, ब–फ 9. स्वस्त वाट आधी भरत गेलं, तर अ–प 25, अ–फ 5 आणि ब–फ 20 टन होतात; खर्च 275. आता एक टन अ–पवरून काढून अ–फवर टाका आणि तोल राखायला एक टन ब–फवरून ब–पवर वळवा. हिशेब –3 + 4 – 9 + 5, म्हणजे दर टनामागे 3 वाचतात. ब–फवरचे वीसही टन असे वळवले की खर्च 215 वर येतो. असा वाचवणारा एकही फेरा उरला नाही, की उत्तर सर्वोत्तम. अ–फ वाटेची क्षमता 15 टनच असती, तर फेरा दहा टनांवर थांबून खर्च 245 राहिला असता. कामवाटपात हाच फेरा म्हणजे कामांची अदलाबदल. रस्त्याच्या प्रश्नात, जुना तुकडा सोडून स्वस्त तुकडा धरणं. सोव्हिएत रेल्वेच्या मालवाहतुकीत ए. एन. टॉलस्टॉय यांनी 1930 मध्येच अशा फेऱ्यांचा विचार करून 10 उगम आणि 68 मुक्कामांचा प्रश्न सोडवला होता. मॉर्टन क्लाइन यांची फेरे मोडत जाणारी सर्वसाधारण रीत 1967 ची.

दुसरा आक्षेप वेगाचा, आणि तो रास्त आहे. नुसता रस्ता शोधायचा आणि खर्च ऋण नसतील, तर डाइक्स्ट्रा यांची रीत वापरावी. कामवाटपाला हंगेरियन रीत आहे. पण एखाद्या वाटेला क्षमतेची मर्यादा आली किंवा एका माणसाला दोन कामं देता येऊ लागली, की त्या खास रीती तशाच्या तशा चालत नाहीत. इथे मात्र एखादा आकडा बदलला की पुरतं. शिवाय पुरवठा, मागणी आणि क्षमता पूर्णांकी असल्या, तर सर्वोत्तम उत्तरांपैकी एक तरी पूर्णांकीच असतं, म्हणून अर्धा माणूस कामावर पाठवायची वेळ येत नाही. हे सुख तांदूळ आणि सिमेंट एकाच वाटेच्या क्षमतेवर हक्क सांगू लागले की हमखास राहत नाही. ट्रक निघाला की माल कितीही असो, ठरावीक भाडं पडणार असेल, तर दर टनाचा हिशेबच मोडतो आणि फेऱ्यांची कसोटी निकामी होते.