प्रयोगशाळेच्या सलग ओळी आणि चार रकान्यांचा तक्ता

भायखळ्यातील आमच्या चिकित्सालयात येणारे बहुतेक रुग्ण आधी कोठेतरी रक्त तपासून आलेले असतात. मूळ अहवाल घरी राहतो आणि हाती पडते ते रुग्णालयातून घरी सोडताना दिलेले पत्रक. त्यावर सर्व तपासण्या एकापुढे एक, सलग ओळींत टंकलेल्या असतात. अशा ओळी वाचताना आमच्याकडून घडलेली एक चूक वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहोत.

भाजी मंडईत काम करणारे ५८ वर्षांचे एक गृहस्थ पायांवरील सूज व मूत्रकृच्छ्र या तक्रारींसाठी आले. पत्रकात ‘युरिया नायट्रोजन २२ क्रिएटिनिन १.३’ असे होते. आम्ही रुग्णपत्रिकेत ‘युरिया २२’ एवढेच उतरवले. पुनर्नवाष्टक काढा व गोक्षुरादी गुग्गुळ दोन महिने दिल्यावर त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासणी केली, तेव्हा युरिया ४७ आला. सूज उतरली होती, पण आकडा दुपटीहून अधिक झाला होता. काढ्यानेच मूत्रपिंड बिघडले, असा घरच्यांचा समज झाला आणि आम्हीही औषध थांबवले. क्रिएटिनिन मात्र दोन्ही वेळी १.३ होते. तेथेच आम्ही थबकावयास हवे होते.

वस्तुतः युरिया आणि युरिया नायट्रोजन ही एकाच द्रव्याची दोन मापे आहेत. युरियाच्या ६० भार रेणूत नायट्रोजनचा वाटा २८ असतो. म्हणून युरिया नायट्रोजनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. २२ गुणिले २.१४ म्हणजे ४७. रुग्ण बिघडला नव्हता; या आकड्यापुरता सुधारलाही नव्हता. दोन्ही वेळी तो आपापल्या संदर्भ मर्यादेच्या थोडा वर होता, इतकेच.

तेव्हापासून आम्ही सलग ओळ थेट वाचत नाही. प्रथम तिचा तक्ता करतो. त्याच रुग्णाच्या दुसऱ्या तपासणीची ओळ अशी होती:

‘हिमोग्लोबिन ११.२ श्वेतपेशी ८६०० न्यूट्रो ६८ लिम्फो २६ इओ ४ मोनो २ प्लेटलेट २.१ बी १२ २१० युरिया ४७ क्रिएटिनिन १.३’

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक तपासणी जेथे संपते तेथे पेन्सिलीने उभी रेघ मारणे. येथे फसवणारी जागा ‘बी १२ २१०’ ही आहे. १२ हा नावाचा भाग आहे, मूल्य २१० आहे. टी ३ व टी ४ यांच्या बाबतीतही हेच घडते. दुसरी पायरी म्हणजे नाव पूर्ण उतरवणे. ‘नायट्रोजन’ हा एक शब्द गाळल्याचे फळ वर सांगितलेच आहे. तिसऱ्या पायरीत एकक व संदर्भ मर्यादा भरावी, परंतु ती त्याच प्रयोगशाळेच्या मूळ अहवालावरून. पद्धत व यंत्र बदलले की मर्यादाही बदलते, म्हणून पुस्तकातील मर्यादा तेथे लिहू नये. मूळ अहवाल मागवून आम्ही केलेला तक्ता असा:

| तपासणी | मूल्य | एकक | संदर्भ मर्यादा |
|---|---|---|---|
| हिमोग्लोबिन | ११.२ | ग्रॅम/डे.लि. | १३–१७ |
| श्वेतपेशी | ८६०० | प्रति घ.मि.मी. | ४०००–१०००० |
| न्यूट्रोफिल | ६८ | टक्के | ४०–७५ |
| लिम्फोसाइट | २६ | टक्के | २०–४५ |
| इओसिनोफिल | ४ | टक्के | १–६ |
| मोनोसाइट | २ | टक्के | २–१० |
| प्लेटलेट | २.१ | लाख/घ.मि.मी. | १.५–४.५ |
| जीवनसत्त्व बी १२ | २१० | पिकोग्रॅम/मि.लि. | २००–९०० |
| रक्तातील युरिया | ४७ | मि.ग्रॅ./डे.लि. | १५–४० |
| क्रिएटिनिन | १.३ | मि.ग्रॅ./डे.लि. | ०.७–१.३ |

तक्ता झाल्यावर दोन पडताळण्या कराव्यात. श्वेतपेशींच्या प्रकारांची बेरीज १०० यावी; येथे ६८, २६, ४ व २ मिळून ती येते. न आल्यास एखादा अंक सुटला किंवा चुकीच्या नावापुढे गेला असे समजावे. नंतर ओळीतील रेघांनी पडलेले भाग व तक्त्यातील ओळी मोजून सारख्या आहेत का ते पाहावे.

मूळ अहवाल न मिळाल्यास शेवटचे दोन रकाने रिकामे ठेवावेत. आखाती देशांतून परतलेल्या रुग्णाच्या कागदावर क्रिएटिनिन १२४ दिसते, कारण तेथे मायक्रोमोल/लिटर हे एकक वापरले जाते, ८८.४ ने भागले की ते १.४ मि.ग्रॅ./डे.लि. भरते. स्मरणाने मिलिग्रॅम लिहिले तर तोच आकडा असंभव ठरतो. रिकामा रकाना पाहून निदान प्रयोगशाळेला विचारण्याचे तरी आठवते.

तक्ता निदान करीत नाही. आमच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी होते आणि त्याचे कारण रुग्ण तपासूनच शोधावे लागले. परंतु दोन तारखांचे तक्ते शेजारी ठेवले असते, तर नाव व मर्यादा निराळी असल्याचे त्याच क्षणी दिसले असते, आणि उपशय देणारे औषध तीन आठवडे बंद राहिले नसते.