अर्धा किलो पोहे आणि 500 g

किराणा दुकानात 'अर्धा किलो जाडे पोहे द्या' म्हटलं की पुढचं दुकानदार बघतो. ब्लिंकिट, झेप्टो किंवा इन्स्टामार्टवर तेच मागायचं तर शोधपट्टीत टाइप करावं लागतं, आणि तिथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी `poha 500g` लिहितं, कुणी `poha 500 gm`, कुणी `pohe half kg`, तर कुणी सरळ `jada poha ardha kilo`. हवं असतं ते एकच पाकीट. ते पहिल्या स्क्रीनवर दिसेल की नाही, हे बरंचसं त्या पाकिटाला ॲपवर दिलेल्या शीर्षकावर अवलंबून असतं.

पाकिटावर काय छापायचं याचं स्वातंत्र्य उत्पादकाला फारसं नाही. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार निव्वळ वजन ठरलेल्या एककातच लिहावं लागतं. एक किलोच्या आतलं वजन ग्रॅममध्ये, आणि ग्रॅमचं चिन्ह `g`. त्यामुळे पाकिटावर `500 g` येतं. `0.5 kg` किंवा `half kg` येत नाही. म्हणजे छपाईची भाषा एक आणि गिऱ्हाइकाच्या तोंडची दुसरी. शोधयंत्राला या दोघांची गाठ घालून द्यावी लागते, कारण ते आपणहून समजून घेत नाही.

शोधयंत्र शीर्षक वाचतं म्हणजे त्याचे तुकडे पाडून त्यांची सूची करतं. साध्या मांडणीत तुकडे पडतात ते मोकळ्या जागेपाशी आणि विरामचिन्हांपाशी. मग `500g` हा एक तुकडा होतो, तर `500 g` चे दोन. `500gm` आणखी निराळा. शीर्षकात पहिला आणि गिऱ्हाइकाच्या टाइपिंगमध्ये दुसरा असला, तर यंत्राच्या लेखी दोन्हींत काहीच साम्य नसतं. चांगल्या ॲपमध्ये आकडा जिथे संपतो आणि अक्षर जिथे सुरू होतं तिथेही कात्री चालवतात, आणि `gm`, `gms`, `gram` हे सगळे `g` खाली आणून ठेवतात. पण हे कुणीतरी बसून करावं लागतं.

याहून खट्याळ प्रकार टायपिंगच्या चुका माफ करण्याच्या सोयीत आहे. `pohq` लिहिलं तरी पोहे दिसावेत म्हणून एखाद्या अक्षराचा फरक यंत्र चालवून घेतं. बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या इलास्टिकसर्च या शोधप्रणालीत ही माफी आपोआप ठरवण्याची सोय आहे, आणि तिच्या नेहमीच्या हिशेबात तीन ते पाच अक्षरांच्या तुकड्याला एका अक्षराची सूट मिळते. शब्दाला ती उपकारक आहे. पण `500` हाही तीन अक्षरांचाच तुकडा. त्यातला एक आकडा बदलला की `200` होतो आणि एक वाढवला की `5000`. अर्धा किलो मागणाऱ्याला दोनशे ग्रॅमचं पाकीट वर दिसलं, तर कारण अनेकदा हेच असतं. आकड्यांना ही माफी द्यायची नसते.

आता एक शीर्षक उलगडून पाहू. समजा, रायगडमधल्या एका लहान पोहे गिरणीने आपला माल ॲपवर चढवला आणि नाव दिलं: `Premium Best Quality Healthy Tasty Thick POHA 500GM (Pack of 2)`. यातले पहिले पाच शब्द कुणी शोधत नाही. मोबाइलवरच्या छोट्या चौकटीत शीर्षक साधारण दोन ओळींनंतर तोडलं जातं, म्हणजे नेमकं वजनच दिसेनासं होतं. आणि सगळ्यात मोठी गोची शेवटच्या कंसात आहे. पाचशेची दोन पाकिटं मिळून किलोभर, की अडीचशेची दोन मिळून पाचशे? निम्म्या गिऱ्हाइकांचा एक समज होणार, निम्म्यांचा दुसरा, आणि त्यातले काही पैसे परत मागणार.

त्याचंच सरळ रूप असं: आधी ब्रँडचं नाव, मग `Thick Poha (Jada Pohe)`, मग `2 x 500 g`. वस्तू, तिचा प्रकार, मग माप. 'जाडे' हा शब्द शीर्षकात हवाच, कारण चिवड्यासाठी पातळ पोहे घेणारा आणि कांदेपोह्यांसाठी जाडे घेणारा ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. शिवाय माप नुसतं शीर्षकात लिहून भागत नाही. माल चढवण्याच्या फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळे रकाने असतात: आकडा, एकक, नग. तिथे ५००, ग्रॅम, २ असं भरलं तर ॲपला एकूण वजन एक किलो हे मोजता येतं आणि `poha 1kg` शोधणाऱ्यालाही हा जोड दाखवता येतो. वजन आकडा म्हणून ओळखता आलं की `1000 g` आणि `1 kg` एकच आहेत हे यंत्राला कळतं. अक्षरं म्हणून पाहिलं तर कधीच कळत नाही. शिवाय आपल्याकडे `50-50` बिस्किटं आहेत आणि `2-Minute` नूडल्सही. तिथला आकडा नावाचा आहे, मापाचा नाही, हे रकान्यांमुळेच वेगळं राहतं.

मग `half kg`, `ardha kilo`, `aadha kilo` कुठे जाणार? शीर्षकात अजिबात नाही. ते पडद्यामागच्या समानार्थी शब्दांच्या यादीत जातात, आणि ही यादी करताना महाराष्ट्रात एक खास खड्डा आहे. `paneer pav kilo` असं लिहिणाऱ्याला पाव किलो पनीर हवं असतं. यंत्र त्याच्यापुढे लादीपाव ठेवतं. म्हणून `pav` एकटा न घेता `pav kilo` ही जोडी एकत्र धरून ती 250 g शी जोडायची. नुसतं `pav` आलं तर बेकरीच. तेलाच्या बाबतीत तर किलोचं लिटर करूच नये. लोक सवयीने `tel 1 kilo` लिहितात, पण एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. अशा वेळी एक लिटरची पिशवी दाखवावी, पण तिच्यावर `1 L` असंच स्वच्छ लिहिलेलं असावं.

हे सगळं जमलंय की नाही, ते विक्रेत्याला स्वतः तपासता येतं. आपलाच माल पाच-सहा तऱ्हांनी टाइप करून पाहायचा आणि पहिल्या चौकटीत कोणतं माप येतं ते टिपायचं. मात्र या ॲपचा माल तुमच्या भागातल्या छोट्या गोदामातून येतो. तिथे अर्धा किलोचं पाकीट संपलेलं असेल तर शीर्षक कितीही नेटकं असलं तरी ते वर येणार नाही. त्यामुळे शीर्षकाला दोष देण्याआधी माप न लिहिता नुसतं `poha` टाकून पाकीट उपलब्ध आहे का ते पाहावं. ॲप चालवणाऱ्यांच्या हाती याहून चांगला पुरावा असतो: लोकांनी काय शोधलं आणि काहीच न निवडता लगेच दुसऱ्या शब्दांत पुन्हा काय शोधलं, याची नोंद. `poha 500gm` नंतर त्याच माणसाने `poha 500 g` टाकलं असेल, तर तुकडे पाडण्यात गडबड आहे हे उघडच झालं.

माप जुळलं नाही म्हणून निकाल रिकामा ठेवणं मात्र चूक. `toor dal 1 kg` मागितली आणि गोदामात अर्धा किलोचीच पाकिटं असतील, तर तीच दाखवावीत. जुळणाऱ्या मापाला वरची जागा द्यायची, न जुळणाऱ्याला दार बंद करायचं नाही.

खरी परीक्षा होते ती कंपनी किंमत तीच ठेवून २०० ग्रॅमचं पाकीट १८० वर आणते तेव्हा. बरेच जण जुन्याच नोंदीतला आकडा खोडून नवा लिहितात. पण गोदामांमध्ये जुनी पाकिटं अजून पडून असतात. मग शीर्षक एक सांगतं, फोटो दुसरं आणि हातात तिसरंच येतं. माप बदललं की नवी नोंद उघडायची, तिला स्वतंत्र क्रमांक आणि नवा फोटो द्यायचा, आणि जुनी नोंद तिचा शेवटचा नग विकला जाईपर्यंत तशीच चालू ठेवायची.