तीन मिनिटे, एक दावा, दोन मुद्दे : परिसंवादात महाबोधी महाविहाराची बाजू कशी मांडावी?

महाबोधी महाविहारावरील परिसंवादात आपले वक्ते बहुधा सम्राट अशोकापासून सुरुवात करतात. अनागारिक धम्मपालांपर्यंत येतात तोवर घंटा वाजते आणि मागणी सांगायची राहून जाते. म्हणून तीन मिनिटांच्या प्रारंभिक निवेदनासाठी आम्ही एक साधी रचना सुचवतो.

पहिल्या अर्ध्या मिनिटात फक्त दावा सांगावा : ‘1949 चा बोधगया मंदिर कायदा बदलून महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांकडे द्यावे.’ दावा एका वाक्यात बसला पाहिजे आणि त्यावर कोणी ‘नाही’ म्हणू शकले पाहिजे. ‘बौद्धांवर अन्याय होतो’ ही भावना झाली. तिच्यातून काय करायचे ते कळत नाही.

पुढचे एक मिनिट पहिल्या मुद्द्याला द्यावे. या कायद्यानुसार समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात, तर गयेचे जिल्हाधिकारी पदसिद्ध अध्यक्ष असतात. म्हणजे नऊ जणांत बौद्धांच्या राखीव जागा चारच. बौद्धांच्या सर्वोच्च तीर्थस्थळी बौद्धांच्या बहुमताची हमी नाही, हे श्रोत्यांना आकड्यांतच दिसते.

त्यानंतरच्या एका मिनिटात दुसरा मुद्दा यावा आणि तो पहिल्यावर अवलंबून नसावा. उदाहरणार्थ, 1925 च्या शीख गुरुद्वारा कायद्याने गुरुद्वारांच्या व्यवस्थापनासाठी शीख मतदारांनी निवडून द्यायचे मंडळ उभे केले. जे तत्त्व तिथे चालते, ते बोधगयेत का नाही? समितीच्या रचनेवर कोणी वाद घातला, तरी हा प्रश्न उभाच राहतो. उलट, ‘बौद्धांचे बहुमत नाही’ आणि ‘बौद्धांचा निर्णय चालत नाही’ हे दोन मुद्दे नव्हेत. पहिला पडला की दुसराही पडतो.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात दावा त्याच शब्दांत पुन्हा सांगून थांबावे. नवा मुद्दा काढू नये.

सावकाश बोलल्यास तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द बसतात. घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचावे. वेळ पुरत नसेल तर वेग न वाढवता वाक्ये काढावीत. अशोक, धम्मपाल, महंतांशी झालेला खटला हे सारे प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावे.

एक सावधगिरी मात्र हवीच. ‘अध्यक्ष हिंदूच असावा लागतो’ हे वाक्य अजूनही भाषणांत ऐकू येते. ती अट 2013 च्या दुरुस्तीने निघाली आहे. समोरच्या वक्त्याने एवढे दाखवून दिले, की त्याचा सारा वेळ आपली चूक सांगण्यात जातो आणि मूळ दावा बाजूला पडतो. मुद्दे दोनच असल्याने ते मूळ कायद्याशी ताडून पाहायला एक संध्याकाळ पुरते.