नव्या नोकरीची वर्दी

लिंक्डइनवर नव्या नोकरीची बातमी लिहायला बसलं की पहिला शब्द बहुधा ‘अखेर’ सुचतो. तो आधी खोडा. ‘अखेर मनासारखी संधी मिळाली’ हे वाचणाऱ्यांत कालपर्यंत शेजारी बसलेले सहकारी असतात आणि त्यांना एवढंच कळतं, की आपल्यासोबतची वर्षं तुम्ही कशीबशी काढलीत. जुन्या कंपनीला उघड नावं ठेवणारे थोडेच. अपमान होतो तो अशा शब्दांतून.

समजा, चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात चार वर्षं क्वालिटी विभागात असलेली एक इंजिनियर इलेक्ट्रिक वाहनांच्या कंपनीत गेली. तिचा पहिला मसुदा असा: ‘शेकडो उमेदवारांमधून माझी निवड झाली! आता खऱ्या अर्थाने आव्हानात्मक काम करणार.’ त्या शेकड्यातले एकदोघे तिच्याच ओळखीचे निघायचे. शिवाय ‘खऱ्या अर्थाने’ म्हटल्यावर चाकणचं काम खोटं ठरलं.

आता हे वाचा: ‘सोमवारपासून नव्या कंपनीत बॅटरीच्या सुट्या भागांच्या क्वालिटीचं काम सुरू केलं. माल रिजेक्ट का होतो याचं मूळ शोधायला मी चाकणला शिकले, तेही बरंचसं लाइनवरच्या ऑपरेटरांकडून. त्यांचे मनापासून आभार. बॅटरीच्या कामातल्या अनुभवी लोकांशी बोलायला आवडेल.’ बातमी पहिल्याच वाक्यात आली, हे बरं. कारण फीडमध्ये सुरुवातीच्या दोनतीन ओळीच दिसतात, बाकी मजकूर क्लिक केल्यावर. आभारही नेमक्या गोष्टीचे आहेत. ‘रिजेक्शन निम्म्यावर आणलं’ असं तिने लिहिलं नाही, हेही शहाणपणाचं. ती बढाई तर झालीच असती, पण आधी किती माल वाया जायचा हे कंपनीचं घरगुती गुपितही चव्हाट्यावर आलं असतं.

ऑफर लेटर हातात पडताच पोस्ट टाकायची घाई नको. आपल्याकडे नोटीस पिरियड तीन महिन्यांचाही असतो, पूर्वीच्या नोकरीची पडताळणी व्हायची असते, रिलीव्हिंग लेटर जुन्या एचआरकडून यायचं असतं. रुजू झाल्यावरच लिहा. प्रोफाइलमध्ये नवं पद भरताना Notify network बंद ठेवा, नाहीतर तुमच्याआधी लिंक्डइनच वर्दी देऊन मोकळं होतं. जुन्या साहेबांना टॅग करायचं तर आधी विचारा; तुम्ही गेलात याचा जाब कदाचित त्यांनाच द्यावा लागत असेल.

पोस्टखाली कुणीतरी ‘सुटलीस बाई!’ लिहितंच. त्याला लाइक देऊ नका, कारण तुमचा अंगठा म्हणजे तुमची संमती. फारच बोचरं असेल तर ती कमेंट काढून टाका, आपल्या पोस्टवर तो अधिकार असतो.

आणि जुनी नोकरी खरंच भांडून सोडली असेल तर खोटे आभार मानू नका. कुठे रुजू झालात आणि काम काय, एवढंच लिहा. दोन ओळींची पोस्टही पुरेशी असते.