अठ्ठेचाळीसचे बत्तीस : फिल्टर नेमका कुठे बसवायचा?

गेल्या आठवड्यात आपण नमुना-दर पूर्णांकाने कमी कसा करायचा ते पाहिलं. आज अपूर्णांकाचं उदाहरण घेऊ. स्टुडिओत 48 kHz ला ध्वनिमुद्रण झालं आहे आणि आपल्याला 32 kHz हवे आहेत. एफएम प्रसारणात आवाज 15 kHz पर्यंतच जातो, त्यामुळे तेवढ्यासाठी हा दर पुरतो. गुणोत्तर आहे 2/3, म्हणजे आधी दुप्पट करायचं आणि मग तिनातला एक नमुना ठेवायचा. क्रम उलटा केला, तर मधला दर 16 kHz होतो आणि 8 kHz च्या वरचं सगळं संगीत कायमचं जातं.

दुप्पट करताना प्रत्येक दोन नमुन्यांमध्ये एक शून्य घालतो. दर 96 kHz होतो, पण शून्यांमुळे मूळ संकेताच्या प्रतिमाही तयार होतात. 1 kHz च्या सुराची प्रतिमा 47 kHz वर उभी राहते. ती न गाळता पुढे तिनातले दोन नमुने टाकले, तर 47 मधून 32 जाऊन 15 kHz वर एक शीळ ऐकू येते. या प्रतिमा काढायला 24 kHz वर कापणारा फिल्टर लागतो.

नमुने टाकण्याआधी वेगळा फिल्टर लागतो. नवा दर 32 kHz असल्याने 16 kHz च्या वरचं काहीही शिल्लक राहता कामा नये. झांजेच्या आवाजातला 18 kHz चा अंश राहिला, तर तो दुमडून 14 kHz वर येतो.

दोन्ही फिल्टर 96 kHz वरच चालतात आणि एकाला लागून एक बसतात, म्हणून त्यांच्याऐवजी एकच पुरतो. दोघांपैकी जो खाली कापतो तो ठेवायचा, इथे 16 kHz चा. शून्यांमुळे संकेताची पातळी निम्मी होते, म्हणून या फिल्टरला दोनची वाढही द्यावी लागते.

चूक ओळखायची असेल, तर 20 Hz पासून 24 kHz पर्यंत सरकत जाणारा सूर द्या आणि निघालेल्या आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम बघा. बरोबर रचनेत रेषा चढत जाते आणि 16 च्या आसपास विरते. प्रतिमांपुरताच, म्हणजे 24 वर कापणारा फिल्टर ठेवला असेल, तर तीच रेषा 16 ला आपटून 8 kHz पर्यंत खाली उतरते. ही उतरती रेषा दिसली की आणखी काही तपासायला नको.

आता खर्च बघू. 15 kHz पर्यंत सगळं जाऊ द्यायचं आणि 17 च्या पुढे सुमारे 60 डेसिबल दाबायचं, तर 180 गुणांकांच्या आसपास फिल्टर लागतो. (17 ठेवला तरी चालतं, कारण 16 ते 17 मधलं जे दुमडतं ते 15 च्या वरच पडतं.) 96,000 गुणिले 180 म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेदोन कोटी गुणाकार झाले. त्यातले निम्मे शून्याशी होतात आणि निघालेल्या उत्तरांपैकी दोन तृतीयांश आपण फेकून देतो. हे मला तरी सहन होत नाही.

मग फिल्टर ‘तिनातला एक’च्या पलीकडे, कमी दरावर नेता येईल का? नोबल आयडेंटिटी सांगते, येईल, पण एका अटीवर. फिल्टरचे गुणांक दर तिसऱ्या जागीच असले आणि मधल्या जागा शून्य असल्या, तर ठेवलेलं प्रत्येक उत्तर फक्त दर तिसऱ्या नमुन्यावर अवलंबून असतं. तेच नमुने तर आपण ठेवणार असतो. म्हणून `H(z³)` करून मग तिनातला एक घेणं आणि आधी तिनातला एक घेऊन मग `H(z)` करणं, दोन्ही सारखंच. दर वाढवताना याच्या उलट : दुपटीनंतरचा `H(z²)` हा दुपटीआधी `H(z)` म्हणून चालतो.

आपला 180 गुणांकांचा फिल्टर या अटीत बसत नाही. तो जसाच्या तसा पलीकडे नेला, तर 18 चे 14 kHz आधीच झालेले असतात आणि मग कुठलाच फिल्टर त्यांना वेगळं काढू शकत नाही. म्हणून आधी त्याचे तुकडे करायचे. दुपटीच्या बाजूने सम जागांचे गुणांक एकीकडे आणि विषम जागांचे दुसरीकडे केले की प्रत्येक तुकडा अट पाळतो. हातात येतं ते असं :

```
y[0] = h0·x[0] + h2·x[-1] + ...
y[1] = h1·x[1] + h3·x[0] + ...
y[2] = h0·x[3] + h2·x[2] + ...
y[3] = h1·x[4] + h3·x[3] + ...
```

उत्तरं आळीपाळीने सम आणि विषम तुकड्यांतून येतात. x चा क्रमांक कधी एकाने पुढे सरकतो, कधी दोनाने. प्रत्येक उत्तराला 90 गुणाकार लागतात, सेकंदाला 32,000 उत्तरं म्हणजे 28 लाख 80 हजार. खर्च सहापट उतरला आणि आवाजात तसूभरही फरक पडला नाही.

48 kHz चे सीडीचे 44.1 kHz करायचे असतील, तर गुणोत्तर 147/160 येतं आणि तुकडे 147 होतात. मधला दर 70 लाख 56 हजार. इथे फिल्टरचे गुणांक हजारोंनी लागतात, पण तो दर प्रत्यक्षात कधी चालवावाच लागत नाही. फक्त गुणांकांचा तक्ता तेवढा मोठा होतो. तो कुठे आणि कसा साठवायचा, ते पुढच्या आठवड्यात.