जनुक कापणे आणि जोडणे

जेलीफिशपासून मिळालेल्या हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाचे सुधारित जनुक साधारण ७२० बेस जोड्यांचे असते. ते जिवाणूत वाढवायचे, तर आधी पीयूसी-१९ या २,६८६ बेस जोड्यांच्या गोल प्लाझ्मिडमध्ये बसवावे लागते. या कामात कापण्यापेक्षा जास्त त्रास देते ते कापलेले प्लाझ्मिड: त्याची टोके एकमेकांना जुळली, की जनुक बाहेरच राहते आणि वर्तुळ पुन्हा बंद होते.

म्हणून दोन वेगळी एन्झाइमे घेतात. ईको-आर-वन GAATTC ही अक्षरे ओळखते आणि AATT असे एकेरी शेपूट सोडते. हिंड-थ्री AAGCTT कापते, शेपूट राहते AGCT. ही दोन शेपटे आपसात जुळत नाहीत, त्यामुळे प्लाझ्मिडला स्वतःशी मिटता येत नाही आणि जनुकही एकाच दिशेने बसते. मात्र या दोन जागा जनुकाच्या आत कुठे नाहीत ना, हे आधी पाहून घ्यायचे. पीसीआरने जनुक वाढवताना प्राइमरच्या टोकाला पाच-सहा जादा अक्षरेही ठेवायची, कारण अगदी कडेला एन्झाइम नीट कापत नाही.

५० मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड, प्रत्येक एन्झाइमचा एक मायक्रोलिटर आणि बफर घालून ३७ अंशांवर तासभर ठेवतात. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये येते. ते एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागाहून जास्त झाले, तर भलत्याच जागी कापू लागते.

खरी फसगत जेलवर होते. पीयूसी-१९ मध्ये या दोन जागा इतक्या जवळ आहेत, की मधला पन्नासेक बेस जोड्यांचा तुकडा निघाला काय किंवा न निघाला काय, पट्टी तिथेच दिसते. म्हणून शेजारी एकेका एन्झाइमने कापलेले नमुनेही चालवावेत. एकटे असताना दोन्ही एन्झाइमांनी प्लाझ्मिड पूर्ण सरळ केले, तर निदान दोन्ही कामाची आहेत एवढे कळते.

जोडणी टी-फोर लायगेज करते. इथे वजन नव्हे, रेणूंची संख्या मोजायची. ५० नॅनोग्रॅम प्लाझ्मिडला तिप्पट रेणू हवेत, तर ५० गुणिले ७२० भागिले २,६८६ म्हणजे सुमारे १३.४, त्याची तिप्पट ४० नॅनोग्रॅम जनुक. मिश्रण १६ अंशांवर रात्रभर ठेवावे. लायगेजच्या बफरमधले एटीपी वारंवार गोठवल्या-वितळवल्याने नासते, तेव्हा बफरचे छोटे भाग करून ठेवावेत.

जिवाणूंत सोडल्यावर अँपिसिलिनच्या तीन प्लेटा लावाव्यात. लायगेज न घातलेल्या प्लाझ्मिडच्या प्लेटवर वसाहती दिसल्या, तर न कापलेले प्लाझ्मिड उरले आहे. जनुक न घालता फक्त लायगेज घातलेल्या प्लेटवर त्याहून पुष्कळ दिसल्या, तर एकच एन्झाइम चालले आणि वर्तुळ पुन्हा मिटले. तिसरी, जनुक घातलेली प्लेट दुसरीपेक्षा कितीतरी भरलेली नसेल, तर वसाहती उचलत बसू नका, प्लाझ्मिड पुन्हा कापा.