बाबांना विचारलेला प्रश्न

मास्टर दीनानाथ मंगेशकर 24 एप्रिल 1942 रोजी गेले, तेव्हा ते अवघ्या एकेचाळीस वर्षांचे होते. मागे पाच मुलं. थोरली लता बारा वर्षांची, तर धाकटा हृदयनाथ पाचही पूर्ण नव्हता. पुढे पी. सावळाराम यांनी या पित्याच्या आठवणीत ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ हे भावगीत लिहिलं, वसंत प्रभूंनी त्याला चाल दिली आणि लताबाईंनी ते गायलं. गाण्यात बोलते ती एकटी लेक, पण तिची गोष्ट पाचही भावंडांची आहे.

या गाण्यात नुसतं रडगाणं नाही. बाबा गेला, ही बातमी पहिल्याच ओळीत येते, मात्र ती सांगताना तो काय लावून गेला तेही सांगितलं जातं. दुःख आणि ऋण एकाच वाक्यात. मग लेक जगाकडे पाठ फिरवून थेट बाबांशीच बोलू लागते: झाड आता फुललंय, बघायला याल का? मला वाटतं, सगळं गाणं या प्रश्नावर उभं आहे. बहर जितका मोठा, तितकी तो बघणाऱ्याची उणीव जास्त बोचते. म्हणूनच इथे कृतज्ञतेने दुःख हलकं होत नाही, उलट वाढतं.

झाडाची उपमा तशी जुनीच. पण गाणारीला पहिले सूर खरोखरच वडिलांनी दिले होते, त्यामुळे ती इथे खोटी वाटत नाही. पुन्हा ऐकाल तेव्हा त्या प्रश्नापाशी जरा थांबा.